प्राध्यापक डॅनिअल जोन्स आणि इंग्रजीतील दुर्बल स्वर

ज्या गृहस्थाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो, त्याने राज्य जिंकले नाही की यंत्र शोधून काढले नाही. त्याने आयुष्याची साठ वर्षे माणसे बोलतात कशी हे कान देऊन ऐकण्यात आणि ऐकलेले कागदावर जसेच्या तसे उतरविण्यात घालविली. इंग्रजी शब्दकोशात शब्दापुढे कंसात उच्चार छापलेला असतो आणि त्यात उलटे ठेवलेले छोटे 'ई' अक्षर ठिकठिकाणी दिसते, हे आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनी पाहिले असेल. हे चिन्ह त्याने निर्माण केले नाही. परंतु इंग्रजी शिकणाऱ्या जगाच्या नजरेस ते कायमचे आणून दिले, ते मुख्यतः त्यानेच.

डॅनिअल जोन्स यांचा जन्म लंडन येथे १२ सप्टेंबर १८८१ रोजी झाला. वडील बॅरिस्टर होते आणि मुलानेही तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात मुलाने गणिताचा अभ्यास केला व १९०३ साली पदवी मिळविली. पुढे १९०७ साली बॅरिस्टरीची सनदही घेतली. मात्र वकिली त्यांनी एक दिवसही केली नाही. मन आधीच दुसरीकडे गुंतले होते. १९०० साली जर्मनीतील मारबुर्ग गावी विल्यम टिली नावाच्या शिक्षकाच्या संस्थेत ते जर्मन शिकावयास गेले असता, भाषा उच्चारापासून शिकविण्याची पद्धत त्यांनी प्रथम पाहिली. नंतर १९०५-०६ मध्ये पॅरिस येथे पॉल पासी या उच्चारशास्त्रज्ञाजवळ त्यांनी अध्ययन केले. या गुरूच्याच भाचीशी त्यांचा १९११ साली विवाह झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी १९०७ पासून व्याख्याने देण्यास आरंभ केला आणि १९४९ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले. १९२१ साली त्यांना प्राध्यापकपद मिळाले.

या शांत चाकरीत लिहिण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. आमच्या मते एका लहानशा स्वरावरून झालेला मोठा वाद आहे. तो समजण्यासाठी प्रथम त्या स्वराचीच ओळख करून घेतली पाहिजे.

इंग्रजीत एकाहून अधिक अवयव असलेल्या शब्दात एका अवयवावर जोर पडतो. तो अवयव ठसठशीत उच्चारला जातो. बाकीच्या अवयवांतील स्वर पुष्कळदा आपले रूप टाकून एका फिक्या, आखूड ध्वनीत विरतात. जीभ तोंडाच्या मध्यावर सैल पडलेली, ओठ ना गोल ना पसरलेले, असा तो ध्वनी असतो. त्याला 'श्वा' म्हणतात. हे नाव इब्री भाषेतून आले. इब्री लिपीत अक्षराखाली एकावर एक असे दोन टिंब देऊन स्वराचा अभाव किंवा अत्यंत ऱ्हस्व स्वर दाखवितात, त्या खुणेचे हे नाव. उत्पत्तीच्या पुस्तकातील अगदी पहिल्या इब्री शब्दाच्या पहिल्याच अक्षराखाली ती खूण आहे. उलट्या 'ई'चे चिन्ह मात्र जर्मन पंडित श्मेलर याने १८२१ साली बव्हेरियाच्या बोलीविषयीच्या आपल्या ग्रंथात वापरले होते.

मराठी मुलास हा ध्वनी परका नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. आपला ऱ्हस्व 'अ' त्याच्या अगदी शेजारचा आहे. अडचण ध्वनीची नाही; तो कोठे येतो हे इंग्रजी लिपी सांगत नाही, ही आहे. पाचही स्वराक्षरे त्याची सोंगे घेतात. उदाहरणे देताना आम्ही शब्दाचे अवयव आडव्या रेघेने तोडून दाखवू. त्यातील प्रत्येक 'अ' उच्चारावा आणि जेथे तो नको तेथे पाय मोडलेला आहे असे समजावे. केळ्याच्या इंग्रजी नावात 'ए' हे अक्षर तीनदा येते. आमची मुले ते 'बा-ना-ना' असे सारख्या वजनाने म्हणतात. इंग्रज म्हणतो 'ब-ना-न'. पहिला व तिसरा 'ए' श्वा झाला, मधला तेवढा उभा राहिला. तसेच 'ले-मन्' मध्ये 'ओ' लपला आहे, 'ॲल्-बम्' मध्ये 'यू', 'मो-मन्ट्' मध्ये 'ई' आणि 'पॉ-स-बल्' मध्ये 'आय'.

याहून बोधक उदाहरण छायाचित्राचे. 'फो-ट-ग्राफ्' म्हणजे छायाचित्र. जोर पहिल्या अवयवावर. ते काढणारा तो 'फ-टॉ-ग्र-फ'; जोर दुसऱ्यावर सरकला. आणि त्यासंबंधीचे विशेषण 'फो-ट-ग्रॅ-फिक्', जोर तिसऱ्यावर. अक्षरे तीच, क्रम तोच. परंतु जोर जेथे जातो तेथला स्वर जिवंत होतो आणि जेथून निघतो तेथला मावळतो. पहिल्या शब्दातील 'फो' दुसऱ्यात 'फ' झाला, 'ट' चा 'टॉ' झाला, 'ग्रा' चा 'ग्र' झाला. जो विद्यार्थी एका शब्दाचा उच्चार पाठ करून शेवटी नुसता प्रत्यय जोडतो, तो 'फोटोग्राफर' असे म्हणतो. अक्षरे पाहता त्यात चूक दिसत नाही. इंग्रजाच्या कानास मात्र तो शब्द ओळखावयास क्षणभर लागतो, कारण तो कान अक्षरे मोजीत नसून जोराची जागा शोधीत असतो.

आपल्या भाषेत असे काही नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. 'माणूस' या शब्दातील दीर्घ 'ऊ' विभक्ती लागताच 'माणसाला' मध्ये 'अ' होतो, आणि बोलताना तोही गळून 'माण्-सा-ला' एवढेच उरते. 'लाकूड' आणि 'लाकडाचे', 'कापड' आणि 'कापडाला' यांचीही तीच कथा. भेद इतकाच की मराठीत दुबळा स्वर बहुधा नाहीसाच होतो आणि इंग्रजीत तो पुष्कळदा फिका होऊन जागेवर राहतो. 'कंपनी' हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला. त्यांच्या तोंडी तो 'कम्-प-नी' असा तीन अवयवांचा आहे. आपण मधला 'अ' गिळून त्याचे 'कम्प्-नी' असे दोनच अवयव केले.

आता चरित्राकडे वळू. जोन्स यांनी १९०९ साली इंग्रजी उच्चारावर एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी सुशिक्षित माणसांचे सहज बोलणे जसे कानी पडले तसे लिहिले, आणि ओळीओळीतून तो उलटा 'ई' दिसू लागला. शब्दांच्या पोटातच तो होता असे नाही. वाक्यातील लहान लहान शब्दांतही होता. इंग्रजीतील शब्दयोगी अव्यये, उभयान्वयी अव्यये, साहाय्यक क्रियापदे आणि सर्वनामे यांना दोन दोन रूपे असतात, एक सबळ व एक दुर्बळ. एकटा उच्चारला तर 'कॅन्', वाक्याच्या ओघात 'कन्'. एकटा 'फ्रॉम्', ओघात 'फ्रम्'. 'ॲट्' चा 'अट्', 'वॉज्' चा 'वज्', 'ऑव्ह्' चा 'अव्ह्' आणि 'ॲन्ड्' चा 'अन्ड्' किंवा नुसता 'अन्'.

हे छापून आल्यावर कवी रॉबर्ट ब्रिजेस यांना संताप आला. ब्रिजेस हे थोर कवी होते व १९१३ साली ते इंग्लंडचे राजकवी झाले. इंग्रजी उच्चाराच्या तत्कालीन स्थितीवर त्यांनी एक निबंध लिहिला व १९१३ साली तो पुस्तकरूपाने काढला. त्यात जोन्स यांच्या लेखनपद्धतीवर त्यांचा रोख होता. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा, की निष्काळजी बोलण्यात स्वर पुसट होतात हे खरे असले, तरी ते पुसट रूप छापून शाळांतून शिकविले म्हणजे ते प्रमाण ठरेल, मूळ स्वर लोप पावतील आणि भाषेचे सौंदर्य जाईल.

आक्षेप पोकळ नव्हता. आम्हा शिक्षकांपैकी पुष्कळांच्या मनात आजही तो असतो. प्रत्येक अक्षर स्पष्ट म्हणा, असे आपण मुलांस सांगतो, आणि मराठी वाचनात ते योग्यच आहे. जोन्स यांची भूमिका निराळी होती. भाषा कशी असावी हे सांगण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. ती कशी आहे याची नोंद करणे एवढेच ते आपले काम समजत. आणि आमच्या मते इतिहासाचा कौल त्यांच्याच बाजूने पडतो. इंग्रजीत 'एक' या अर्थाचा संख्यावाचक शब्द आणि नामापूर्वी येणारे 'अ' किंवा 'अन्' हे उपपद हे दोन्ही एकाच जुन्या शब्दापासून निघाले. जोर पडला तेथे संख्या झाली, जोर गेला तेथे उपपद झाले. त्याचप्रमाणे 'चा' या अर्थाचा 'अव्ह्' व 'पासून दूर' या अर्थाचा 'ऑफ्' हे पूर्वी एकच होते. म्हणजे ज्या दुर्बळ रूपांना ब्रिजेस नव्या काळची घाण मानीत होते, तशाच रूपांतून त्यांची लाडकी भाषा शतकानुशतके घडत आली होती.

दुर्बळ रूप हा आळस नव्हे, हे एका वाक्याने पाहू. मुरुमचा एखादा मुलगा दूरध्वनीवर सांगतो, की मी मुरुमहून दहा वाजता येऊ शकतो. आपल्या सवयीने तो म्हणेल, 'आय् कॅन् कम् फ्रॉम् मुरुम् ॲट् टेन्'. इंग्रजी वळण असे: 'आय् कन् कम् फ्रम् मुरुम् अट् टेन्'. जोर तीनच ठिकाणी आहे: 'कम्', 'मु' आणि 'टेन्'. तेथे टाळी वाजवून म्हणून पाहावे. पहिल्या दोन टाळ्यांच्या मध्ये एक अवयव येतो आणि पुढच्या दोहोंमध्ये दोन. हे मधले अवयव आवळून बसविण्यासाठीच स्वर फिके करावे लागतात. टाळ्यांमधील अंतर अगदी सारखे असते असे पूर्वी मानीत. यंत्राने मोजता ते तितकेसे सारखे भरत नाही. परंतु मधले अवयव आखडतात हे मोजमापानेही खरे ठरते. मराठीत प्रत्येक अवयवास जवळजवळ आपापला वेळ मिळतो, म्हणून आपले इंग्रजी पुष्कळदा इंग्रजाच्या कानास एकसारख्या ठोक्यांचे लागते.

आता त्या वाक्यातील 'कॅन्' पाहा. होकारात इंग्रज 'कन्' म्हणतो. नकाराचे रूप मात्र कधीच दुर्बळ होत नाही. दक्षिण इंग्लंडात नकाराचा स्वर 'कान्ट्' असा लांब असतो, पण अमेरिकेत तो 'कॅन्ट्' असतो, आणि पुढे व्यंजन आले की त्यातील शेवटचा 'ट्' ऐकूही येत नाही. अमेरिकन ऐकणारा त्या 'ट्' ची वाट पाहत नाही. 'कन्' ऐकला की हो आणि 'कॅन्' सारखे काही ठळक ऐकले की नाही, असे त्याच्या कानाचे गणित असते. आमच्या मुलाने आग्रहाने व स्पष्टपणे 'आय् कॅन् कम्' म्हटले, तर तो येणार नाही अशी समजूत होण्याचा संभव आहे. ऐकणाऱ्याने तेच पुन्हा विचारले, तर आवाज चढवून 'कॅन्' म्हणण्याने गोंधळ वाढतो. त्यापेक्षा 'येस्, आय् कॅन्' असे तोडून सांगावे.

येथे कोणी म्हणेल, की मग शेवटी 'कॅन्' कसा आला? हाच नियमाचा दुसरा भाग होय. लहान शब्द वाक्याच्या अखेरीस एकटा पडला, किंवा दुसऱ्या कशाशी विरोध दाखवावयाचा असला, तर तो सबळच राहतो. तू कोठून आलास, या प्रश्नाच्या इंग्रजी वाक्यात शेवटी 'फ्रॉम्' येतो. तेथे 'फ्रम्' म्हणणे चूक. मराठी बोलण्यातही हेच आहे. 'येतो आहे' चे आपण 'येतोय' करतो, 'गेला आहे' चे 'गेलाय'. परंतु वही आहे का, असे कोणी विचारले तर 'आहे' असे पूर्ण उत्तर देतो. तेथे त्याचा नुसता 'य' करून चालत नाही. हे ज्याच्या ध्यानी आले, त्यास इंग्रजीचा नियम निराळा पाठ करावा लागणार नाही.

आणखी एक सावधगिरी. नियम कळल्यावर उत्साही विद्यार्थी सगळेच पुसट करू लागतो. 'ऑन्', 'इन्', 'अप्' आणि 'नॉट्' या शब्दांना श्वाचे रूप नाही. 'तो' हे दर्शक दाखविणारा 'दॅट्' नेहमी सबळ आणि 'की' या अर्थाचा 'दट्' दुर्बळ. तो मुलगा प्रामाणिक आहे हे मला माहीत आहे, या वाक्यात हे दोन्ही लागोपाठ येतात: 'आय् नो दट् दॅट् बॉय्'. शब्दाच्या पोटातही प्रत्येक दुबळा स्वर श्वा होतो असे नाही. 'बि-गिन्' आणि 'व्हि-लिज्' यांत तो ऱ्हस्व 'इ' असतो. आमचा भाग कानडी मुलखाच्या सीमेवर असल्यामुळे एक जास्तीची गोष्ट सांगितली पाहिजे. कानडीत परक्या शब्दाच्या अंती 'उ' जोडण्याची रीत आहे; तेथे 'बस्' ची 'बस्सु' होते. तीच सवय 'कन्' ला लागून 'कनु' झाले, तर एक अवयव वाढतो आणि आवळलेले वाक्य पुन्हा सैल होते.

ब्रिजेस यांच्या टीकेनंतरही जोन्स आपल्या कामास लागलेच होते. १९१२-१३ च्या सुमारास ते हिंदुस्थानातही व्याख्यानांसाठी येऊन गेले. १९१३ साली हेरमान मिखाएलिस या जर्मन शिक्षकासह त्यांनी एक विलक्षण कोश काढला. त्यात शब्द उच्चारचिन्हांच्या क्रमाने लावलेले होते. प्रथम ध्वनी शोधावयाचा आणि मग त्याचे अक्षरलेखन पाहावयाचे. परंतु ज्यास उच्चारच ठाऊक नाही त्याने शब्द शोधावा कोठे? ही अडचण ओळखून १९१७ साली त्यांनी नेहमीच्या अक्षरक्रमाने आपला इंग्रजी उच्चारकोश प्रसिद्ध केला. त्यात लहान शब्दांची सबळ व दुर्बळ अशी दोन्ही रूपे दिली होती. 'टु' शब्दाखाली पाहिले, तर पुढे व्यंजन असता 'ट' व पुढे स्वर असता 'टु', असा भेद सापडतो. हे उच्चार दक्षिण इंग्लंडातील, मोठ्या निवासी शाळांत शिकलेल्या कुटुंबांचे आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले. सर्वांनी तसेच बोलावे असा दंडक घातला नाही.

त्यांच्या कानाची सूक्ष्मता पाहावयाची असेल तर १९१८ साली निघालेला त्यांचा इंग्रजी उच्चारशास्त्राचा ग्रंथ पाहावा. एकाच श्वाच्या तीन छटा त्यांनी त्यात वेगळ्या केल्या. एक साधी, दुसरी 'क' किंवा 'ग' च्या सान्निध्यात जीभ किंचित उचलली गेल्याने होणारी, आणि तिसरी शब्दाच्या अंती येणारी, तोंड जरा अधिक उघडून उच्चारलेली. शिक्षक या अर्थाचा शब्द इंग्रज 'टी-च' असा म्हणतो, शेवटचा 'र' तो उच्चारीत नाही. पण आमच्या कानास ते 'टीचा' असे ऐकू येते. त्याचे कारण ही तिसरी छटा. स्वरांची जागा दाखविण्यासाठी त्यांनी स्वतःच्या जिभेवर धातूची बारीक साखळी ठेवून क्ष-किरणांनी छायाचित्रेही काढविली होती.

१९२६ साली इंग्लंडच्या रेडिओ संस्थेने निवेदकांच्या उच्चारासाठी सल्लागार मंडळ नेमले. त्याचे अध्यक्ष ब्रिजेस आणि एक सभासद जोन्स! ज्यांनी एकमेकांविरुद्ध लेखणी चालविली ते एका मेजाभोवती बसले.

जोन्स यांचे सर्वच मत आम्हास मान्य आहे असे नाही. हिंदुस्थानातील भाषांसाठी रोमन अक्षरांवर आधारलेली एक राष्ट्रीय लिपी असावी, असे त्यांनी १९४२ साली एका पुस्तिकेत प्रतिपादिले. ज्या देवनागरीत 'अ' हा प्रत्येक व्यंजनात मुरलेला आहे, तिला श्वा शिकवावयास निराळ्या चिन्हाची गरज नाही. मात्र 'घर' लिहून 'घर्' म्हणावयाचे, हे देवनागरीही सांगत नाही, ते वाचणाऱ्यासच ठाऊक असावे लागते, इतके त्यांच्या बाजूने कबूल केले पाहिजे.

निवृत्तीनंतरही उच्चारकोशाच्या सुधारणेकडे त्यांचे लक्ष होते. ४ डिसेंबर १९६७ रोजी बकिंगहॅमशायरमधील जेरार्ड्स क्रॉस येथे, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या कोशात श्वा आणि पक्षी या अर्थाच्या 'बर्ड्' शब्दातील लांब स्वर यांना एकच चिन्ह होते. लांबीची खूण तेवढी जास्त असे. त्यांचे उत्तराधिकारी गिम्सन यांनी १९७७ साली काढलेल्या चौदाव्या आवृत्तीत लांब स्वरास वेगळे चिन्ह दिले, आणि उलटा 'ई' त्या दुर्बळ स्वराकडेच राहिला.